चिकचिक मोजणारा आकडा : दवबिंदू

जुलैच्या मध्यावर महाबळेश्वरला धुकं उतरतं तेव्हा तिथली सापेक्ष आर्द्रता शंभर टक्के असते. त्यापेक्षा जास्त होऊच शकत नाही. तापमान असतं अठरा-एकोणीस अंश. दोरीवरचे कपडे चार-चार दिवस ओले राहतात, भिंतींना ओल येते, पण अंगाला घामाची चिकचिक म्हणून होत नाही. आता मे महिन्यातली मुंबईची दुपार घ्या. तापमान चौतीस अंश, आर्द्रता साठ टक्के. शंभरापेक्षा साठ कमी, म्हणजे मुंबईची हवा कोरडी म्हणायला हवी. पण लोकलमधून उतरणाऱ्या माणसाच्या शर्टाची पाठ चिंब झालेली असते आणि कपाळ पुसून दोन मिनिटं होत नाहीत तोच ते पुन्हा ओलं होतं.

दमटपणाचा जो आकडा आपण वर्षानुवर्षं वर्तमानपत्रात वाचत आलो, तो या दोन ठिकाणांचा क्रम चक्क उलटा लावतो. क्रम बरोबर लावणारा आकडा दुसराच आहे. हवामानखात्याच्या नोंदींत तो रोज असतो, मोबाइलवरच्या हवामानाच्या अ‍ॅपमध्येही थोडं खाली सरकलं की सापडतो, पण त्याच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. त्याचं नाव दवबिंदू. महाबळेश्वरच्या त्या धुक्यात दवबिंदू अठरा अंश असतो. मुंबईच्या त्या दुपारी पंचवीस.

दवबिंदू म्हणजे असं तापमान, की हवा तिथपर्यंत थंड केली तर तिच्यातलं बाष्प पाणी होऊन बाहेर पडू लागतं. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून पाणी सुटतं, कारण बाटलीचा पृष्ठभाग खोलीच्या दवबिंदूपेक्षा थंड असतो. आकडा अंशांत असला तरी तो हवेची ऊब सांगत नाही, हवेत प्रत्यक्ष पाणी किती आहे ते सांगतो. हवेत बाष्प जास्त असेल तर ती थोडीशी थंड केली तरी पाणी सुटतं, म्हणजे दवबिंदू वर असतो. बाष्प कमी असेल तर खूप थंड करावी लागते, म्हणजे दवबिंदू खाली असतो.

सापेक्ष आर्द्रता मात्र नावाप्रमाणे सापेक्ष आहे. या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जितकं बाष्प मावू शकतं, त्याच्या किती टक्के आत्ता आहे, एवढंच ती सांगते. आणि ते 'जास्तीत जास्त' तापमानाबरोबर झपाट्याने वाढतं. साधारण दर दहा-अकरा अंशांना जवळजवळ दुप्पट होतं. काठोकाठ भरलेला तांब्या शंभर टक्के भरलेला असतो आणि हंडा साठ टक्केच भरलेला असतो, पण पाणी हंड्यातच जास्त असतं. महाबळेश्वरच्या अठरा अंशांच्या धुक्यात एक घनमीटर हवेत सुमारे पंधरा ग्रॅम बाष्प असतं. मुंबईच्या त्या 'साठ टक्के' दुपारी ते बावीस ग्रॅम असतं. दहा फूट बाय बारा फूट खोलीचा विचार केला, तर मुंबईत त्या खोलीच्या हवेत पाऊण लिटर पाणी अदृश्य रूपात भरलेलं असतं.

पण केवळ पाणी जास्त म्हणून चिकचिक जास्त, एवढ्यावर थांबलं तर खरं कारण हातातून निसटतं. खरं कारण आपल्या त्वचेत आहे.

घाम येणं आणि घाम वाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर तो शरीरातून सुमारे २४०० किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम थेंबाथेंबाने जमिनीवर ठिबकला तर शरीराला त्याचा काही उपयोग होत नाही. पाणी गेलं, मीठ गेलं, उष्णता मात्र होती तिथेच राहिली.

घाम किती वेगाने वाळेल, हे दोन दाबांमधल्या फरकावर ठरतं. एक, त्वचेवरच्या ओल्या थराचा बाष्पदाब. दुसरा, भोवतालच्या हवेतला बाष्पदाब. घामेजलेल्या त्वचेचं तापमान पस्तीस अंशांच्या आसपास असतं आणि त्या तापमानाला पाण्याच्या पृष्ठभागाशी बाष्पदाब सुमारे ५६ मिलिबार असतो. शरीर स्वतःचं तापमान धरून असतं, त्यामुळे उकाड्याच्या दिवसांत हा आकडा फारसा हलत नाही. म्हणजे उरला हवेतला बाष्पदाब, आणि तो पूर्णपणे दवबिंदूवर ठरतो. दवबिंदू अठरा असेल तर तो २१ मिलिबार, पंचवीस असेल तर ३२. फरक काढून पाहा. महाबळेश्वरच्या धुक्यातही घामाला वाळायला ३५ मिलिबारची ओढ मिळते. मुंबईत ती २४ वर येते.

टक्केवारी इथेच फसते. हवेच्या तापमानाला किती बाष्प मावतं, या मापाने ती मोजते. आपली त्वचा मात्र हवेच्या तापमानाला नसते. महाबळेश्वरची हवा स्वतःच्या अठरा अंशांच्या मानाने तुडुंब भरलेली असते, पण पस्तीस अंशांच्या त्वचेला चिकटलेला तिचा पातळ थर तापतो आणि त्यात पुष्कळ जागा तयार होते. म्हणूनच शंभर टक्के आर्द्रतेतसुद्धा घाम वाळतो. शिवाय थंड हवा शरीराची उष्णता थेटही काढून नेते, त्यामुळे मुळात घामच कमी येतो.

मग टक्केवारी निरुपयोगी का? मुळीच नाही. ज्या वस्तू हवेच्याच तापमानाला असतात, त्यांना तीच कळते. मिठाला सापेक्ष आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की पाणी सुटतं. पापड सादळतात, चपला-पट्ट्यांवर बुरशी येते, लाकडी दार चौकटीत अडकतं, दोरीवरचा टॉवेल वाळत नाही, हे सगळं टक्केवारीचं काम. महाबळेश्वरात कपडे वाळत नाहीत आणि अंग मात्र चिकट होत नाही, याचं कारण हेच. टॉवेल अठरा अंशांना लटकलेला असतो, माणूस पस्तीस अंशांची त्वचा घेऊन फिरत असतो.

मुंबईचा मे महिन्यातला एक नेहमीचा दिवस घेऊन हे आकडे चालवून पाहू. सकाळी साडेआठला तापमान अठ्ठावीस आणि आर्द्रता चौऱ्याऐंशी टक्के. दुपारी अडीचला तापमान चौतीस, आर्द्रता साठ टक्के. नुसती आर्द्रता पाहणारा म्हणेल की दुपारी हवा बरीच कोरडी झाली. दवबिंदू पाहिला तर सकाळीही पंचवीस, दुपारीही पंचवीस. हवेतलं पाणी वाढलेलंही नाही आणि कमीही झालेलं नाही. हवा तापली, तिच्यात मावणारं बाष्प वाढलं, म्हणून टक्के घसरले. घामाला मिळणारी ओढ दोन्ही वेळा तीच, २४ मिलिबार. दुपारी त्रास वाढतो तो ऊन आणि तापमान वाढल्यामुळे, कारण आता शरीराला जास्त उष्णता टाकायची असते आणि टाकण्याची सोय मात्र सकाळइतकीच असते.

वर्तमानपत्रात नेमकी इथेच एक गफलत होते. हवामानखातं आर्द्रतेची नोंद सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच अशा वेळांची देतं. तापमान मात्र बातमीत दिवसाचं कमाल छापलं जातं, जे दुपारचं असतं. मग 'कमाल तापमान ३४, आर्द्रता ८४ टक्के' असं एका ओळीत येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं की दोन्ही एकाच वेळी होतं. ते खरं असतं तर दवबिंदू एकतीस अंश निघाला असता. मुंबईत हे का शक्य नाही, याचं उत्तर समुद्राकडे आहे.

हवेला बाष्प मिळतं ते पाण्याच्या पृष्ठभागावरून. समुद्रावर रेंगाळलेल्या हवेचा दवबिंदू समुद्राच्या पाण्याच्या तापमानाकडे सरकत जातो, पण सहसा त्याच्या एखाद-दोन अंश किंवा त्याहूनही जास्त खालीच थांबतो. मे महिन्यात आपल्या किनाऱ्यालगत अरबी समुद्राचं पाणी तीस अंशांच्या आसपास असतं. त्यामुळे मुंबई, रत्नागिरी, पणजीचा दवबिंदू पंचवीस-सव्वीसवर चढतो, क्वचित सत्तावीसला टेकतो, आणि तिथे समुद्रच त्याला लगाम घालतो. हा लगाम जिथे सैल आहे तिथे काय होतं, ते आखाती देशांत नोकरीला गेलेल्या अनेक मराठी माणसांनी अनुभवलं आहे. इराणच्या आखाताचं पाणी उथळ आहे आणि भर उन्हाळ्यात ते तेहतीस-पस्तीस अंशांपर्यंत तापतं. सौदी अरेबियातल्या धाहरानला ८ जुलै २००३ रोजी पस्तीस अंश दवबिंदू नोंदवला गेला. जगातला सर्वाधिक दवबिंदू म्हणून ही नोंद सांगितली जाते. तेव्हा हवेचं तापमान बेचाळीस होतं आणि सापेक्ष आर्द्रता अडुसष्ट टक्क्यांच्या आसपास. या अडुसष्ट टक्क्यांचा अर्थ असा, की हवेतला बाष्पदाब आणि घामेजल्या त्वचेचा बाष्पदाब एकसारखे झाले होते. घामाला वाळायला ओढच उरली नव्हती.

दवबिंदू दिलेला नसेल आणि एकाच वेळचं तापमान व आर्द्रता हाताशी असेल, तर तोंडी हिशेब करता येतो. आर्द्रता शंभरापेक्षा जितकी कमी, त्याला पाचाने भागा आणि ते तापमानातून वजा करा. अठ्ठावीस अंश आणि चौऱ्याऐंशी टक्के असतील तर शंभराला सोळा कमी, भागिले पाच म्हणजे सुमारे तीन. अठ्ठावीसमधून तीन गेले, उरले पंचवीस. चौतीस अंश आणि साठ टक्क्यांना हाच हिशेब सव्वीस देतो; बारकाईने काढलेलं उत्तर पंचवीस आहे, म्हणजे चूक एका अंशाची. पण हा ठोकताळा आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या वर असेल तेव्हाच वापरायचा. नागपूरच्या मेमधल्या दुपारी त्रेचाळीस अंश आणि चौदा टक्के असतात, तिथे तो दवबिंदू जवळजवळ सव्वीस सांगतो. खरा असतो दहा. कोरड्या मुलखात हा हिशेब करूच नये, अ‍ॅपमधला आकडाच पाहावा.

दवबिंदू थेट वाचायची आणखी एक जागा म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल, मेटार. मोठ्या विमानतळांवरून तो दर अर्ध्या तासाने निघतो आणि इंटरनेटवर कुणालाही पाहता येतो. मुंबईचा अहवाल साधारण असा दिसतो (ही ओळ नमुन्यादाखल रचलेली आहे):

```
VABB 150900Z 28010KT 5000 HZ 34/25 Q1005 NOSIG
```

`VABB` ही मुंबईची खूण, `150900Z` म्हणजे पंधरा तारीख आणि ग्रिनिचचे सकाळचे नऊ, आपल्याकडचे दुपारचे अडीच. आपल्याला हवी असलेली जोडी `34/25`. तिरक्या रेघेच्या आधी तापमान, नंतर दवबिंदू. या अहवालात सापेक्ष आर्द्रता नसतेच. वैमानिकाला धुकं पडेल का आणि ढगांचा तळ किती उंचीवर असेल हे जाणून घ्यायचं असतं, आणि ते दोन आकड्यांमधल्या अंतरावरून कळतं. दोन्ही एकमेकांजवळ आले की धुक्याची तयारी.

वेधशाळेत दवबिंदू काढण्याची जुनी रीत दोन तापमापकांची आहे. पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत एक तापमापक कोरडा असतो, दुसऱ्याच्या गोळ्यावर मलमलचं ओलं फडकं असतं. फडक्यातलं पाणी वाळताना गोळा थंड होतो; हवा जितकी कोरडी, तितका तो जास्त उतरतो. दोघांच्या फरकावरून तक्त्यात पाहून दवबिंदू मिळतो. यात घोटाळा बहुधा फडक्यामुळे होतो. मलमल मळली, तिच्यावर क्षार साठले किंवा ती सुकत आली, तर ओला गोळा पुरेसा उतरत नाही आणि दवबिंदू खऱ्यापेक्षा जास्त निघतो. म्हणून फडकं नियमित बदलायचं आणि पाणी शुद्ध वापरायचं, हा नियम काटेकोरपणे पाळावा लागतो.

घरीही तो मोजता येतो, आणि शाळेतल्या मुलांनी तर आवर्जून मोजावा. चकचकीत स्टीलच्या पेल्यात साधं पाणी घ्या, त्यात तापमापक ठेवा आणि बर्फाचे बारीक तुकडे एकेक करून टाकत ढवळत राहा. पेल्याची बाहेरची चमक ज्या क्षणी धुरकट होईल, ते तापमान लिहा. मग पाणी आपोआप तापू द्या आणि धुरकटपणा नाहीसा होतानाचं तापमानही लिहा. दोन्हींचा मध्य म्हणजे तुमच्या खोलीचा दवबिंदू. पेल्यावर श्वास पडू देऊ नका आणि शेजारी काही उकळत ठेवू नका. इंग्लंडमधले शास्त्रज्ञ जॉन डाल्टन एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला झऱ्याचं गार पाणी काचेच्या पेल्यात घेऊन असंच करत. मेमध्ये मुंबईत दोन-चार खडे टाकताच पेला धुरकटतो. नागपुरात पाणी दहा अंशांवर येईपर्यंत काहीच दिसत नाही.

हातात आलेला आकडा वाचायचा कसा? दवबिंदू पंधराच्या खाली असेल तर हवा कोरडी आणि सुखाची वाटते. सोळा ते वीसमध्ये दमटपणा जाणवू लागतो. वीसच्या वर घाम रेंगाळतो आणि चोवीसच्या वर जिवाची घुसमट होते. या पायऱ्या मुख्यतः अमेरिकेतल्या हवामान सांगणाऱ्यांनी रूढ केल्या आणि त्या तिथल्या लोकांच्या अंगवळणी पडलेल्या हवेला धरून आहेत. कोकणातल्या माणसाला बावीस दवबिंदू मोकळा वाटू शकतो, कारण जून ते सप्टेंबर तो चोवीस-पंचवीसमध्येच राहत असतो. पायऱ्या एखाद-दोन अंशांनी सरकवाव्या लागतील, त्यांचा क्रम मात्र तोच राहील.

मुंबईच्या वर्षभरात हा क्रम स्पष्ट दिसतो. सांताक्रूझचं सरासरी कमाल तापमान मेमध्ये सुमारे साडेतेहतीस असतं आणि डिसेंबरमध्ये सुमारे साडेबत्तीस. दुपारच्या तापमानात फरक जेमतेम एका अंशाचा, तरी मे नकोसा आणि डिसेंबर हवाहवासा. मोसमी पाऊस परतला की वारे जमिनीकडून वाहू लागतात आणि दवबिंदू पंचवीसवरून उतरत डिसेंबरात पंधरा-सोळाच्या आसपास येतो. रात्रींचंही तसंच. हवा दवबिंदूपर्यंत थंड झाली की बाष्पाचं पाणी होऊ लागतं, त्यातून उष्णता बाहेर पडते आणि पारा पुढे उतरायला कचरतो. म्हणून संध्याकाळचा दवबिंदू हा रात्रीच्या किमान तापमानाचा तळ असतो, आणि पंचवीस-सव्वीस दवबिंदूच्या रात्री मुंबईत पहाटेसुद्धा गारवा येत नाही.

तरी एकट्या दवबिंदूवर सगळं सोपवता येत नाही. जुलैत मुंबईचा दवबिंदू मेइतकाच असतो, पण ढगांमुळे तापमान अठ्ठावीस-एकोणतीसवर राहतं आणि वारा जोराचा असतो, म्हणून सुसह्य वाटतं. ऑक्टोबरात वारा पडतो, ऊन उघडतं, दवबिंदू अजून पुरता उतरलेला नसतो, आणि ऑक्टोबर हिटने जीव नकोसा होतो. उलट बाजूला विदर्भ आहे. नागपूरच्या त्या दुपारी दवबिंदू दहा असल्याने चिकचिक शून्य, घामाला ४४ मिलिबारची ओढ, त्यामुळे घाम दिसायच्या आत वाळतो. हीच तिथली धोक्याची गोष्ट आहे. अंग कोरडं असल्याने किती पाणी गेलं ते कळत नाही आणि त्रेचाळीस अंशांची हवा शरीराला उलट तापवत असते. चिकचिक नाही म्हणजे उष्माघाताची भीती नाही, असं समजणं जिवावर बेतू शकतं. तापमान आणि बाष्प दोन्ही धरून शरीराला काय जाणवेल ते सांगणारा उष्मा निर्देशांक भारतीय हवामानखात्याने २०२३ पासून प्रायोगिक स्वरूपात सुरू केला, तो यासाठीच.

घरात काय घ्यावं, याचं उत्तरही दवबिंदूच देतो. कूलर पाणी वाळवून हवा थंड करतो, म्हणजे हवेत बाष्प ओततो. नागपूरच्या दहा दवबिंदूच्या हवेला चांगला कूलर त्रेचाळीसवरून सव्वीस-सत्तावीसपर्यंत उतरवू शकतो. मुंबईत तोच कूलर चौतीसवरून अठ्ठावीसपर्यंत कसाबसा आणेल, पण दवबिंदू पंचवीसवरून सत्तावीसकडे ढकलेल. तापमान उतरूनही अंथरूण ओलसर आणि अंग चिकट राहील. मुंबईत पंखा आणि उघडी समोरासमोरची खिडकी कूलरपेक्षा बरी, कारण पंखा त्वचेजवळचा बाष्पाने भरलेला थर सतत हटवतो.

एसी नेमकं उलट काम करतो. त्याच्या आतली नळ्यांची जाळी दवबिंदूच्या बरीच खाली थंड असते, त्यामुळे खोलीतलं बाष्प तिच्यावर पाणी होऊन नळीतून बाहेर ठिबकतं. चोवीस अंश आणि पंचावन्न टक्क्यांवर आलेल्या खोलीचा दवबिंदू चौदा-पंधरा असतो, आणि आराम त्यातून मिळतो. खोलीच्या मानाने एसी फार मोठा बसवला, तर तो झटकन तापमान उतरवून बंद पडतो आणि बाष्प काढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार पण दमट राहते. अशा वेळी तापमान आणखी खाली आणून थंडीने कुडकुडण्यापेक्षा रिमोटवरचा 'ड्राय' पर्याय लावून पाहावा. त्यात पंखा मंद चालतो, हवा थंड जाळीजवळ जास्त वेळ रेंगाळते आणि पाणी जास्त निघतं. काम होतंय की नाही, ते बाहेरच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यावरून लगेच कळतं.